सिम्प्लेक्समध्ये चलांच्या वरच्या मर्यादा ओळी न वाढवता कशा सांभाळाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना सिम्प्लेक्सचा साधा टॅब्लो हाताने सोडवता येतो, परंतु प्रत्येक चलाला स्वतःची वरची मर्यादा आली की जे टॅब्लोखाली एकेक ओळ वाढवत जातात, अशा विद्यार्थ्यांसाठी हे पान आहे. नागपुरातील शिकवण्यांमध्ये या विषयावर जे प्रश्न पुनःपुन्हा येतात तेच येथे घेतले आहेत. उदाहरण कळमना बाजारातील संत्र्यांचे आहे. त्यातील आकडे हिशेब सुबक यावा म्हणून ठरवलेले आहेत, ते बाजारभाव समजू नयेत.

मर्यादेसाठी वेगळी ओळ लिहिली तर बिघडते काय?

उत्तर चुकत नाही, काम वाढते. `x1 ≤ 4` ही अट ओळ म्हणून लिहिली की तिच्यासाठी एक स्लॅक चल येतो आणि बेसिसमध्ये एका चलाची भर पडते. दोन खरी बंधने आणि तीन मर्यादा असलेल्या गणितात २×२ ऐवजी ५×५ बेसिस सांभाळावा लागतो. पाचशे बंधने आणि दहा हजार मर्यादित चल असतील, तर बेसिसचा आकार पाचशेवरून साडेदहा हजारांवर जातो. विरळ मॅट्रिक्सचे गुणक पाडणारे आजचे प्रोग्राम अशा रिकाम्या ओळी बऱ्यापैकी स्वस्तात हाताळतात, हे मान्य करायला हवे. तरीही प्रत्येक पायरीला लांबलचक सदिश फिरवावे लागतात, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे जी पायरी पिव्हटशिवाय उरकली असती तिच्यासाठीही पूर्ण पिव्हट करावा लागतो. ही अडचण जुनीच आहे. जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिम्प्लेक्स मांडली आणि वरच्या मर्यादा ओळींशिवाय हाताळण्याची रीत त्यांनीच १९५५ मध्ये प्रसिद्ध केली.

ओळ नाही, तर मर्यादेची नोंद कुठे राहते?

नॉन-बेसिक चलाच्या स्थितीत. नेहमीच्या सिम्प्लेक्समध्ये नॉन-बेसिक चल म्हणजे शून्य असलेला चल, असे आपण धरून चालतो. येथे ती व्याख्या किंचित सैल करायची आहे: नॉन-बेसिक चल म्हणजे आपल्या दोन मर्यादांपैकी कोणत्या तरी एका मर्यादेवर टेकलेला चल. तो खालच्या मर्यादेवर आहे की वरच्या, एवढी एक खूण प्रत्येक नॉन-बेसिक चलाजवळ ठेवली की मर्यादेसाठी दुसरे काहीही साठवावे लागत नाही.

या सैल व्याख्येचा एक परिणाम मात्र कायम डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. बेसिक चलांच्या किमती आता केवळ उजव्या बाजूवरून मिळत नाहीत, कारण वर टेकलेले नॉन-बेसिक चल आपापला वाटा आधीच उचलून बसलेले असतात. म्हणून सूत्र `x_B = B⁻¹(b − N x_N)` असे पूर्ण वापरावे लागते; `B` म्हणजे बेसिक चलांचे स्तंभ, `N` म्हणजे नॉन-बेसिक चलांचे, आणि `b` म्हणजे उजवी बाजू. त्यातील `N x_N` हे पद नेहमीच्या पद्धतीत शून्य असते, येथे ते बहुधा नसते.

उत्तर इष्टतम झाले हे कसे ओळखायचे?

आपण नफा वाढवत आहोत असे धरू आणि `z` हे नॉन-बेसिक चलांच्या भाषेत लिहू. चल खालच्या मर्यादेवर असेल तर तो फक्त वाढू शकतो. त्यामुळे त्याचा गुणांक धन असेल तर फायदा शिल्लक आहे. चल वरच्या मर्यादेवर असेल तर तो फक्त घटू शकतो. त्यामुळे गुणांक ऋण असेल तरच त्याला हलवण्यात अर्थ आहे. खाली टेकलेल्या सर्वांचे गुणांक शून्य किंवा ऋण आणि वर टेकलेल्या सर्वांचे शून्य किंवा धन झाले की थांबावे. सर्वांत मोठा धन गुणांक डोळे मिटून निवडण्याची सवय येथे नडते. खालच्या उदाहरणातील चौथ्या पायरीवर ती नेमकी कशी नडते हे दिसेल.

मग रेशो टेस्ट कशी बदलते?

आत येणारा चल `t` इतका सरकतो असे समजा. तो खालून वर जात असेल किंवा वरून खाली येत असेल. त्याला अडवणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. एखादा बेसिक चल घटत घटत आपल्या खालच्या मर्यादेला टेकतो. ही आपली ओळखीची रेशो टेस्ट. एखादा बेसिक चल वाढत वाढत आपल्या वरच्या मर्यादेला टेकतो. नेहमीच्या पद्धतीत आपण हे गुणोत्तर काढतच नाही, कारण तेथे वाढणाऱ्या चलाला अडवणारे काही नसते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे आत येणारा चल स्वतःच आपल्या दुसऱ्या टोकाला पोचतो, म्हणजे `t = u − l` होते; येथे `u` ही त्याची वरची मर्यादा आणि `l` खालची.

या तिन्हींपैकी सर्वांत लहान `t` घ्यायचा. पहिल्या दोन प्रकारांत नेहमीसारखा पिव्हट होतो. फरक इतकाच की बाहेर पडणाऱ्या चलाला तो ज्या मर्यादेवर टेकला त्या मर्यादेची खूण द्यायची. तिसऱ्या प्रकारात कोणीच बेसिसबाहेर पडत नाही आणि कोणीच आत येत नाही. चलाची खूण उलटते, बेसिक चलांच्या किमती बदलतात, आणि पायरी संपते. यालाच बाउंड फ्लिप म्हणतात.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

कळमन्यातील एक व्यापारी दिल्ली, कोलकाता आणि हैदराबाद येथे संत्र्यांचे क्रेट पाठवतो. `x1`, `x2`, `x3` हे त्या त्या शहराचे क्रेट, शंभराच्या हिशेबात. दर शंभर क्रेटमागे नफा अनुक्रमे ५, ४ आणि ३ हजार रुपये. ट्रकमध्ये जागा एकूण एक हजार क्रेटची, म्हणजे १० एककांची. पॅकिंग करणाऱ्या टोळीचे १५ तास हाताशी आहेत. कोलकाता आणि हैदराबादच्या शंभर क्रेटला एक तास लागतो, पण दिल्लीचा खरेदीदार प्रत्येक फळ कागदात गुंडाळून मागतो, म्हणून तेथील शंभर क्रेटला तीन तास लागतात. खरेदीदारांनी कमाल मागणी सांगितली आहे: दिल्ली ४, कोलकाता ६, हैदराबाद ६. या तीन कमाल आकड्यांसाठी आपण एकही ओळ लिहिणार नाही.

```
s1 = 10 -  x1 -  x2 -  x3
s2 = 15 - 3x1 -  x2 -  x3
z  =      5x1 + 4x2 + 3x3
```

सुरुवातीला तिन्ही चल खाली, म्हणजे शून्यावर आहेत.

पहिली पायरी. `x1` चा गुणांक ५ सर्वांत मोठा, म्हणून तो वाढवू. जागेची ओळ त्याला १० पर्यंत जाऊ देते, तासांची ओळ `15/3 = 5` पर्यंत, आणि त्याची स्वतःची मर्यादा ४. सर्वांत लहान ४, म्हणजे फ्लिप. वरच्या तीन ओळींतील एकही अक्षर बदलत नाही. फक्त `x1` ला ‘वर’ अशी खूण मिळते, आणि `s1 = 6`, `s2 = 3`, `z = 20` होते.

दुसरी पायरी. खाली असलेल्यांत `x2` चा गुणांक ४ मोठा आहे. आता गुणोत्तरे काढताना `s1` आणि `s2` यांच्या चालू किमती घ्यायच्या, म्हणजे ६ आणि ३. ओळीतील १० आणि १५ नव्हे. स्वतःची मर्यादा ६. सर्वांत लहान ३, म्हणून `s2` शून्यावर येऊन बाहेर पडतो आणि पिव्हट होतो.

```
x2 = 15 - 3x1 -  x3 -  s2
s1 = -5 + 2x1       +  s2
z  = 60 - 7x1 -  x3 - 4s2
```

येथे थोडे थांबण्यासारखे आहे. `s1` च्या ओळीतील स्थिरांक −५ आहे आणि `z` चा ६०. पुष्कळ विद्यार्थी हे पाहून उत्तर अशक्य झाले असे समजतात आणि गणित खोडून टाकतात. परंतु `x1` शून्यावर नाही, ४ वर आहे. तो घातला की `x2 = 3`, `s1 = 3`, `z = 32`. सगळे जागच्या जागी आहे.

तिसरी पायरी. नेहमीच्या नियमाने पाहिले तर एकही धन गुणांक नाही, म्हणजे काम संपले. मर्यादांसह पाहिले तर मात्र `x1` वर टेकलेला आहे आणि त्याचा गुणांक −७ आहे. म्हणजे दिल्लीचे क्रेट कमी केल्यास प्रत्येक एककामागे ७ हजार वाढतात. कारणही सरळ आहे: दिल्लीच्या एका शेकड्याचे तीन तास मोकळे झाले की कोलकात्याचे तीन शेकडे भरता येतात. `x1` ला `t` ने खाली आणू. `x2 = 3 + 3t` होतो आणि ६ वर अडतो, म्हणजे `t = 1`. `s1 = 3 − 2t` होतो, म्हणजे `t = 1.5`. `x1` स्वतः शून्यावर पोचायला `t = 4`. सर्वांत लहान १. म्हणून `x2` आपल्या वरच्या मर्यादेवर टेकून बाहेर पडतो, त्याला ‘वर’ ही खूण मिळते, आणि `x1` बेसिसमध्ये ३ या किमतीने येतो. नफा ३९.

```
x1 = 5  - (1/3)x2 - (1/3)x3 - (1/3)s2
s1 = 5  - (2/3)x2 - (2/3)x3 + (1/3)s2
z  = 25 + (7/3)x2 + (4/3)x3 - (5/3)s2
```

चौथी पायरी. सर्वांत मोठा धन गुणांक `x2` चा आहे, पण तो आधीच वर टेकला असल्यामुळे त्याला वाढायला जागा नाही. त्याचा धन गुणांक हीच तो योग्य ठिकाणी असल्याची साक्ष आहे. आत यायला हवा तो `x3`, गुणांक 4/3. तो `t` ने वाढला की `x1 = 3 − t/3`, म्हणजे मर्यादा ९. `s1 = 1 − (2/3)t`, म्हणजे १.५, आणि स्वतःची मर्यादा ६. `s1` शून्यावर येऊन बाहेर पडतो.

```
x1 = 2.5      + 0.5s1 - 0.5s2
x3 = 7.5 - x2 - 1.5s1 + 0.5s2
z  = 35  + x2 - 2s1   - s2
```

`x2` वर आहे आणि गुणांक +१; `s1` व `s2` खाली आहेत आणि गुणांक ऋण. येथे थांबायचे. `x2 = 6` घातल्यावर `x1 = 2.5`, `x3 = 1.5`, `z = 41`. दिल्लीला २५० क्रेट, कोलकात्याला ६००, हैदराबादला १५०, आणि नफा ४१ हजार. जागा २.५ + ६ + १.५ = १० आणि तास ७.५ + ६ + १.५ = १५, दोन्ही पुरेपूर वापरले गेले. चार पायऱ्या झाल्या, पिव्हट तीन, आणि बेसिस अखेरपर्यंत दोन चलांचाच राहिला.

पहिल्या पायरीवर फ्लिप झाला, तीच पायरी ओळी लिहून केली असती तर कशी दिसली असती?

`x1 + s3 = 4` या ओळीत `x1` आत आला असता आणि `s3` बाहेर पडला असता, म्हणजे पाच ओळींच्या टॅब्लोत पूर्ण पिव्हट झाला असता. उत्तराचा बिंदू तोच; केवळ तेथे पोचण्याची मजुरी जास्त.

पाठ्यपुस्तकात `x = u − x′` असे बदलून लिहायला सांगतात. ती रीत वेगळी आहे का?

गणिती अर्थाने तीच आहे. चल वर टेकला की त्याच्या जागी `u − x′` लिहायचे. मग `x′` शून्यावर असतो आणि नेहमीचा नियम लागू होतो. हाताने सोडवताना ही रीत सुरक्षित वाटते, कारण स्थिरांक पुन्हा खऱ्या किमती दाखवू लागतात: दुसऱ्या पायरीनंतर `x1 = 4 − x1′` घातले तर `s1` चा स्थिरांक −५ ऐवजी ३ दिसला असता. परीक्षेत मी हीच रीत सुचवेन. प्रोग्राम लिहिताना मात्र ती टाळावी, कारण स्तंभाची चिन्हे उलटसुलट करत राहिल्यास मूळ मॅट्रिक्स बिघडते आणि कोणता चल किती वेळा उलटला याचा वेगळा हिशेब ठेवावा लागतो. तेथे खूण ठेवणे स्वच्छ.

माझा प्रोग्राम चुकीचे उत्तर देतो. चूक कुठे शोधू?

बहुतेक वेळा ती तीन जागांपैकी एका जागी असते आणि लक्षणांवरून ओळखता येते. अंतिम उत्तरात एखादा बेसिक चल आपल्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेला दिसला, तर वाढणाऱ्या बेसिक चलांची गुणोत्तरे काढलेली नाहीत. आपल्या उदाहरणात तिसऱ्या पायरीवर ही चूक केली असती तर `t = 1.5` घेतला गेला असता आणि `x2` ७.५ झाला असता. दुसरे लक्षण म्हणजे `z` मध्येच घटणे: वरून खाली येणाऱ्या चलासाठी दिशेचे चिन्ह उलटायचे राहून गेले की असे होते, कारण घटणारे बेसिक चल वाढणारे समजले जातात आणि वाढणारे घटणारे. तिसरी चूक अधिक लपलेली असते. पायरीपायरीने जपलेल्या किमती आणि `B⁻¹(b − N x_N)` ने नव्याने काढलेल्या किमती जुळत नाहीत. तेव्हा बहुधा वरच्या मर्यादेवर बाहेर पडलेल्या चलाला सवयीने ‘खाली’ अशी खूण दिलेली असते. दर काही पायऱ्यांनी किमती नव्याने काढून ताडून पाहण्याची तपासणी प्रोग्राममध्येच ठेवावी.

खालची मर्यादा शून्य नसेल, किंवा मर्यादाच नसेल तर?

खालची मर्यादा ऋण असली तरी वरील नियमांत काहीही बदलत नाही. शून्याच्या जागी `l` येतो इतकेच. दोन्ही मर्यादा समान असतील तर तो चल स्थिर आहे, त्याला कधीही आत घेऊ नये. कोणत्याच बाजूने मर्यादा नसलेला चल नॉन-बेसिक असताना शून्यावर ठेवतात आणि त्याचा गुणांक शून्य नसेल तर चिन्ह पाहून हव्या त्या दिशेला हलवतात. एखाद्या चलाची `u` ही `l` पेक्षा लहान असेल, तर सिम्प्लेक्स सुरू करण्यापूर्वीच गणित अशक्य ठरते.

फ्लिप आणि बेसिक चलाचे टेकणे एकाच `t` वर आले तर काय निवडावे?

फ्लिप निवडावा. पिव्हट वाचतो. टेकलेला बेसिक चल मर्यादेवर राहून बेसिसमध्येच राहील, म्हणजे पुढे शून्य लांबीची पायरी येऊ शकते. परंतु ती शक्यता पिव्हट करूनही टळली नसती.

ओळच नाही, तर मर्यादेची शॅडो प्राइस कुठे मिळणार?

ती गुणांकाच्या रूपात समोरच असते. शेवटच्या `z` ओळीत `x2` चा गुणांक १ आहे: कोलकात्याच्या खरेदीदाराने आणखी शंभर क्रेट घ्यायची तयारी दाखवली तर नफा एक हजाराने वाढेल. त्याच ओळीतून जागेची किंमत २ आणि तासाची १ मिळते. पडताळा घेऊन पाहा: `2·10 + 1·15 + 1·6 = 41`. दिल्ली आणि हैदराबादचे चल बेसिसमध्ये, म्हणजे मर्यादांच्या आत आहेत. त्यामुळे त्यांच्या मर्यादांची किंमत शून्य. मर्यादा वाढवण्याचा हा दर अमर्याद टिकत नाही. `x3 = 7.5 − x2` असल्याने `x2` ७.५ झाला की हैदराबादचा माल शून्यावर येतो आणि त्यापुढे नवा हिशेब करावा लागतो.

ड्युअल सिम्प्लेक्समध्ये ही रीत चालते का?

चालते, आणि तेथे तिचा एक सुखद फायदा आहे. सर्व चलांना दोन्ही बाजूंनी सांत मर्यादा असतील तर कोणताही बेसिस ड्युअल दृष्टीने व्यवहार्य करता येतो: प्रत्येक नॉन-बेसिक चलाचा गुणांक पाहायचा आणि त्याला सोयीच्या मर्यादेवर नेऊन ठेवायचे. वेगळा पहिला टप्पा लागत नाही. पूर्णांक गणितात ब्रँच अँड बाउंड करताना याचा खरा उपयोग होतो. `x1 = 2.5` आल्यावर दोन फांद्या म्हणजे `x1 ≤ 2` आणि `x1 ≥ 3`. दोन्ही ठिकाणी केवळ मर्यादेचा आकडा बदलतो, ओळ वाढत नाही, आणि जुना बेसिस तसाच घेऊन ड्युअल सिम्प्लेक्स पुढे चालू होते.

दोन चलांच्या बेरजेवर मर्यादा असेल तर तीही अशीच सोडून देता येईल का?

नाही. `x1 + x2 ≤ 7` ही एका चलाची मर्यादा नसून बंधन आहे आणि त्याला ओळ लागतेच. प्रत्येक चल अशा फार तर एकाच बेरजेत येत असेल तर त्या ओळी आटोक्यात ठेवणारी वेगळी रीत आहे, पण तिची यंत्रणा येथल्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

पायथनमध्ये हे कसे लिहावे?

मर्यादा `A_ub` मध्ये न घालता `bounds` मध्ये द्याव्यात. `linprog` किमान काढते, म्हणून नफ्याची चिन्हे उलटी दिली आहेत.

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog([-5, -4, -3],
            A_ub=[[1, 1, 1], [3, 1, 1]], b_ub=[10, 15],
            bounds=[(0, 4), (0, 6), (0, 6)])
print(r.x, r.fun)
print(r.ineqlin.marginals, r.upper.marginals)
```

उत्तर २.५, ६, १.५ आणि −४१ असे येईल. बंधनांच्या किमती −२ व −१, आणि वरच्या मर्यादांच्या ०, −१, ० दिसतील. ऋण चिन्ह किमान काढण्यामुळे आलेले आहे. `bounds` दिलेच नाही तर प्रत्येक चल शून्यापासून वर अमर्याद धरला जातो, त्यामुळे ऋण होऊ शकणाऱ्या चलासाठी `(None, None)` असे स्पष्ट लिहावे लागते.